२२२ला दिवे लागले, २२१ला विझले

माझ्या लेकीचा जन्म रविवारी रात्री ८ वाजून ४० मिनिटांनी झाला. पुढचे पाच दिवस ही वेळ मी इतक्या वेळा उच्चारली, की अजूनही झोपेतून उठवून विचारलंत तर तारखेआधी वेळच तोंडात येईल. नवजात बाळाच्या काविळीचा सगळा हिशेब त्या मिनिटापासून सुरू होतो. दिवस मोजत नाहीत, तास मोजतात.

मी मूळची सांगलीची, डीएमएलटी झालेली. लग्नानंतर इंग्लंडला येण्याआधी तिथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी कित्येक बाळांची बिलिरुबिन तपासणी केली होती. काविळीत अंग पिवळं करणारं रंगद्रव्य ते हेच. काळ्या कार्बन पेपरात गुंडाळलेली छोटी ट्यूब यायची, कारण उजेडात बिलिरुबिन मोडतं आणि आकडा खोटा कमी येतो. सिरम वेगळं करायचं, आकडा काढायचा, रिपोर्टवर ‘टोटल, डायरेक्ट, इनडायरेक्ट’ लिहून द्यायचं. आकडा १८-२० मिलिग्रॅमच्या पुढे गेला की आम्ही डॉक्टरांना फोन करायचो. फॉर्मवर बाळाचं वय बहुतेक वेळा ‘२ दिवस’, ‘३ दिवस’ असंच असायचं. माझ्या लेकीच्या वेळी मी पहिल्यांदाच त्या आकड्याच्या दुसऱ्या बाजूला बसले. डॉक्टर त्या आकड्याचं पुढे काय करतात, ते तिथे समजलं.

सोमवारी दुपारी दोनच्या सुमारास मिडवाइफ बाळाला तपासायला आली. तिने बाळाला खिडकीशी नेलं, पापणी हलकेच उघडून डोळ्यांचा पांढरा भाग पाहिला, हिरड्या पाहिल्या, नाकाच्या शेंड्यावर बोटाने दाबून कातडी क्षणभर फिकी केली आणि खालचा रंग बघितला. आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या बाळाच्या गालाकडे बघून कावीळ लवकर कळत नाही, म्हणून या तीन जागा. ती म्हणाली, “पिवळेपणा आहे, आणि अजून २४ तास व्हायचेत.” त्यानंतर सगळं भराभर हललं. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ इथे कधीच ‘नेहमीची’ धरत नाहीत. दोन तासांच्या आत रक्तातलं बिलिरुबिन मोजायचंच, असा नियम आहे. कपाळावर टेकवून मोजायचं यंत्र वॉर्डात होतं, पण पहिल्या दिवसात त्याच्यावर विसंबत नाहीत. टाचेतून रक्त घेतलं. वेळ २:४०. बाळाचं वय बरोबर १८ तास.

तासाभरात आकडा आला: १६८.

इथे एकक मायक्रोमोल प्रति लिटर असतं. आपल्याकडचे मिलिग्रॅम हवे असतील तर १७.१ने भागायचं. १६८ म्हणजे ९.८. सांगलीच्या सवयीने मला क्षणभर हायसं वाटलं, कारण तिसऱ्या दिवशीच्या बाळाचा ९.८ असा रिपोर्ट मी कितीतरी वेळा बिनघोर पुढे दिला होता. मग ज्युनिअर डॉक्टरने एक छापील आलेख माझ्या पलंगावर ठेवला. आडव्या अक्षावर जन्मापासूनचं वय, उभ्या अक्षावर बिलिरुबिन. त्यावर दोन चढत्या रेघा. खालची ओलांडली की फोटोथेरपी, म्हणजे उजेडाने उपचार. वरची ओलांडली की रक्त बदलायचं.

ब्रिटनमध्ये २०१०पासून नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना वापरतात आणि हे आलेख त्यांचेच. गर्भाच्या प्रत्येक आठवड्यासाठी वेगळा कागद असतो, २३ आठवड्यांपासून ३७पर्यंत, आणि ३८ किंवा त्याहून जास्त आठवड्यांच्या सगळ्या बाळांसाठी एक. माझी लेक ३९ आठवड्यांची, म्हणून तिचा हा शेवटचा कागद. योग्य कागद उचलणं ही पहिली पायरी, आणि ती किती महत्त्वाची आहे ते एका उदाहरणावरून कळेल. ७२ तासांच्या वयाला ३८ आठवड्यांच्या बाळाची फोटोथेरपीची रेघ ३००वर असते, ३७ आठवड्यांच्या बाळाची २७०वर. २८५ आकड्याचं बाळ एका कागदावर रेघेखाली आणि दुसऱ्यावर रेघेवर. म्हणून डॉक्टरने आधी माझ्या सुरुवातीच्या सोनोग्राफीवरून आठवडे पुन्हा मोजले, मगच पेन हातात घेतलं.

लेकीच्या कागदावरची खालची रेघ जन्माच्या वेळी १००पासून निघते आणि २४ तासांना २००वर पोहोचते. मग तिचा चढ मंदावतो. पुढे दर दिवसाला ५०ची वाढ: ४८ तासांना २५०, ७२ला ३००, ९६ला ३५०, आणि तिथून पुढे सपाट. १८ तासांना ती १७५वर होती. आमचा ठिपका १६८वर. रेघेखाली, पण जेमतेम.

ठिपका कुठे ठेवायचा याचीही शिस्त आहे. रक्त कधी घेतलं ती वेळ धरायची. रिपोर्ट कधी आला ती नाही. ऐकायला किरकोळ वाटेल, पण पहिल्या दिवशी रेघ तासाला चारच्या आसपास चढत असते. रिपोर्ट यायला दीड तास लागला आणि ठिपका त्या वेळेवर ठेवला, तर रेघ सहाने वर दिसेल, आणि रेघेवरचं बाळ कागदावर रेघेखाली येईल. म्हणून ट्यूबच्या लेबलवरची वेळ बघूनच त्याने ठिपका दिला. लॅबमध्ये असताना लेबलवर वेळ लिहिलेली नसली तर मी ट्यूब परत पाठवायचे आणि नर्सबाई वैतागायच्या. त्या आग्रहाचं मोल मला या कागदासमोर नीट कळलं.

एका ठिपक्यावरून दिशा कळत नाही. म्हणून सहा तासांनी पुन्हा रक्त घ्यायचं ठरलं, आणि त्याच वेळी कारणाचा शोधही सुरू झाला. माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह. लेकीचा बी पॉझिटिव्ह निघाला. ओ गटाच्या आईच्या रक्तात बी विरुद्धच्या अँटिबॉडी असतात, त्यांतल्या काही वारेतून बाळाकडे जातात आणि त्याच्या लाल पेशी फोडतात. फुटलेल्या पेशींतल्या हिमोग्लोबिनचं बिलिरुबिन होतं, आणि नवजात यकृताला ते इतक्या वेगाने बाहेर टाकता येत नाही. आरएचच्या, म्हणजे आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असण्याच्या बाबतीत पहिलं बाळ सहसा सुटतं, एबीओच्या, म्हणजे ए-बी-ओ गटांच्या बाबतीत पहिलटकरणीलाही हे होऊ शकतं. पेशींना अँटिबॉडी चिकटल्यात का ते पाहणारी कूम्ब्स चाचणी अंधूक पॉझिटिव्ह आली. हिमोग्लोबिन १५.८. लाल पेशींना जपणाऱ्या जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची तपासणीही पाठवली, कारण आपल्या भागातल्या कुटुंबांत ती कमतरता आढळते. ती नंतर नॉर्मल आली.

रात्री ८:४०ला दुसरं रक्त. वय २४ तास. आकडा २२२.

आता दोन ठिपके होते आणि त्यांच्यामधून रेघ काढता येत होती. सहा तासांत ५४ वाढ, म्हणजे तासाला ९. नाइसच्या नियमात तासाला ८.५च्या वर वाढ म्हणजे वेगाने चढणारं बिलिरुबिन. मिलिग्रॅममध्ये हे तासाला साधारण अर्धा. शिवाय २४ तासांची रेघ २००वर, म्हणजे ती ओलांडलेलीच होती. त्यामुळे एका दिव्याने सुरुवात न करता थेट जास्त तीव्रतेची फोटोथेरपी ठरली: वरून दिवे आणि अंगाखाली उजेडाची गादी. रात्री १०:१०ला दिवे लागले. डॉक्टरने आलेखाच्या तळाशी २५.५ तासांपासून एक आडवी पट्टी सुरू केली आणि तिच्यावर ‘दुहेरी’ असा शेरा दिला.

वरच्या रेघेबद्दल मी त्या रात्री ज्युनिअरच्या वरच्या डॉक्टरला, रजिस्ट्रारला विचारलं. तिने माझ्याशी डॉक्टरशी बोलावं तसं बोलून सगळं समजावलं, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. रक्त बदलण्याची रेघही १००पासूनच निघते, पण चढते फार वेगाने: २४ तासांना ३००, ३०ला ३५०, ३६ला ४००, ४२ तासांना ४५०, आणि मग सपाट. म्हणजे दर सहा तासांना ५०. आमचं बिलिरुबिन सहा तासांना ५४ चढत होतं. तिने माझ्यासमोर पेन्सिलने ते पुढे वाढवून दाखवलं: ३० तासांना २७६, ३६ला ३३०, ४२ला ३८४. आमची पेन्सिलची रेघ वरच्या रेघेला जवळजवळ समांतर जात होती, अंतर सत्तरच्या आसपास. पाहणाऱ्याला वाटावं की अंतर टिकून आहे, घाई नाही. पण ४२ तासांनंतर वरची रेघ सपाट होते आणि आपली चढतच राहते. ४९-५० तासांच्या सुमारास दोन्ही एकमेकींना भेटल्या असत्या. “म्हणून आपण आकडा किती यापेक्षा रेघ कोणत्या दिशेला चाललीय हे आधी बघतो,” ती म्हणाली.

पुढचा निर्णय कशावर होणार तेही तिने तेव्हाच सांगून ठेवलं. दिवे लागल्यावर चार ते सहा तासांत पुन्हा रक्त. उजेड असूनही वेग ८.५च्या वर राहिला तर शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडींचं औषध, किलोमागे ५०० मिलिग्रॅम, चार तासांत. लेक ३.१ किलोची, म्हणजे साधारण दीड ग्रॅम. तेही अपुरं पडून वरची रेघ ओलांडली तर रक्त बदलायचं. आणि बाळ फार सुस्त झालं, दूध घेईना, मान-पाठ मागे ताणू लागलं, चिरक्या आवाजात रडू लागलं, तर आलेखावर काहीही असलं तरी थांबायचं नाही, कारण ती बिलिरुबिन मेंदूत पोहोचल्याची लक्षणं. इम्युनोग्लोब्युलिनच्या माहितीचं पत्रक तिने मला आधीच वाचायला दिलं, मध्यरात्री घाईत सही करावी लागू नये म्हणून.

आपल्याकडे फोटोथेरपीला ‘बाळाला काचेत ठेवलं’ म्हणतात. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट, निळा उजेड. साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटरचा हा निळा प्रकाश कातडीतल्या बिलिरुबिनचा आकार बदलतो आणि पाण्यात विरघळणारी रूपं तयार होतात. ती यकृताच्या प्रक्रियेशिवायच पित्तातून आणि लघवीतून निघून जातात. यात अतिनील किरण नसतात. हा शोध इंग्लंडमधलाच. १९५६मध्ये एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर बाळांना उन्हात नेत असत. एका बाळाच्या उघड्या अंगाचा पिवळेपणा गेला आणि झाकलेला भाग तसाच राहिला, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. त्याच रुग्णालयात खिडकीच्या उन्हात राहिलेल्या रक्ताच्या ट्यूबमध्ये बिलिरुबिन अनपेक्षित कमी निघालं. त्यातून रिचर्ड क्रेमर आणि सहकाऱ्यांनी दिव्यांचा पाळणा बनवला आणि १९५८मध्ये लॅन्सेटमध्ये निष्कर्ष छापले. ज्या गुणधर्मामुळे आम्ही सांगलीत ट्यूबला कार्बन पेपर गुंडाळायचो, त्याच गुणधर्माने माझ्या लेकीवर उपचार होत होते. रात्रभर त्या निळ्या पाळण्याशेजारी बसून मला याचाच आधार वाटला.

आईचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, “अगं, कोवळ्या उन्हात धर तिला सकाळी, आम्ही तुम्हाला तसंच करायचो.” मी तिला सांगितलं की ऊन खोटं नाही, पण उन्हाचा डोस मोजता येत नाही. बाळ किती वेळ, किती उघडं, किती प्रखर उजेडात होतं हे कळत नाही, उघड्या अंगाला थंडी बाधते किंवा कातडी भाजते, आणि खोलीत बसून काचेतून येणाऱ्या उन्हावर तासाला नऊने चढणारं बिलिरुबिन थांबत नाही. इथल्या सूचनांमध्येही कावीळ उतरवण्यासाठी ऊन वापरू नका असंच म्हटलंय. आईने ऐकलं. “मग दर वेळी आकडा आला की मला कळव,” एवढंच म्हणाली.

दुहेरी दिव्यांच्या काळात बाळाला बाहेर काढायचं नव्हतं, दुधासाठीसुद्धा. मी पंपाने काढलेलं दूध नर्स दर तीन तासांनी नाकातल्या बारीक नळीतून देत होती. बाळाची उपासमार झाली तर आतड्यातलं बिलिरुबिन पुन्हा रक्तात शोषलं जातं, त्यामुळे दूध आणि शी यांची नोंद आकड्याइतकीच काटेकोर ठेवत होते. ओले लंगोट, वजन, अंगाचं तापमान, सगळं त्याच कागदाच्या मागच्या बाजूला.

मंगळवारी पहाटे २:४०, वय ३० तास: २४३. सहा तासांत फक्त २१, तासाला ३.५. इम्युनोग्लोब्युलिनची गरज उरली नाही. आकडा अजून चढतच होता आणि खालच्या रेघेच्या, म्हणजे २१२च्या बराच वर होता, पण रजिस्ट्रारचा चेहरा पहिल्यांदा सैलावला, कारण पेन्सिलने काढलेल्या रेघेपासून आमचा ठिपका खाली वळला होता. वरच्या रेघेपासूनचं अंतर ७८वरून १०७ झालं होतं. सकाळी ८:४०, ३६ तास: २५१. तासाला जेमतेम १.३.

दुपारी एक अडचण आली. २:४०ला घेतलेलं रक्त लॅबने नाकारलं. बाळाची टाच थंड होती, रक्त येईना म्हणून जरा जोरात दाबावं लागलं आणि नमुन्यातल्या पेशी फुटल्या. मी ट्यूब बघितली नव्हती, पण ‘हिमोलाइज्ड’ हा शब्द ऐकल्यावर मला पुढचं कळलं. असा नमुना फिरवल्यावर सिरम गुलाबी-लाल दिसतं, आणि बिलिरुबिन मोजण्याच्या नेहमीच्या डायझो पद्धतीत ते हिमोग्लोबिन आडवं येतं. आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. उपचार चालू असताना कमी आलेला आकडा सगळ्यांना हवाच असतो, म्हणून तो जास्त धोक्याचा. लॅबने तो दिला नाही हे फार चांगलं केलं. टाच कोमट कापडाने शेकून, दिवे तेवढ्यापुरते बंद करून, ३:४०ला पुन्हा रक्त घेतलं. ठिपका ४२ऐवजी ४३ तासांवर गेला. २४८. पहिल्यांदा उतार.

वेगाची भीती संपली, वरची रेघ २०० अंतरावर गेली, आणि दुहेरीवरून एकेरी दिव्यावर आणलं. तळाच्या पट्टीवर तिथे एक उभी खूण. यानंतर तीन-तीन तासांनी अर्ध्या तासापर्यंत तिला बाहेर काढून अंगावर पाजता येऊ लागलं, डोळ्यांवरची पट्टी काढून. रक्तही आता बारा तासांनी.

बुधवारी पहाटे २:४०, ५४ तास: २३६. आता ठिपका खालच्या रेघेच्याही खाली आला होता, कारण ५४ तासांना ती २६२वर असते. मला वाटलं आता बंद करतील. पण रेघेखाली आलं की लगेच थांबवत नाहीत. दिवे बंद झाले की कातडीत आणि इतर पेशींत साठलेलं बिलिरुबिन पुन्हा रक्तात उतरतं, आणि आमच्या बाबतीत तर पेशी फुटणं अजून चालूच होतं. म्हणून रेघेच्या निदान ५० खाली जाईपर्यंत उजेड चालू ठेवायचा. आमचं अंतर २६ होतं.

दुपारी २:४०, ६६ तास: २२१. त्या वयाची रेघ २८७. अंतर ६६. साडेचारला दिवे बंद केले आणि पट्टी संपवली.

मी तो कागद हातात घेऊन बराच वेळ बसले होते. सोमवारी रात्री २२२ला दिवे लागले होते. बुधवारी दुपारी २२१ला विझले. लॅबच्या रिपोर्टवर पाहिलं तर तोच आकडा, १३.० आणि १२.९ मिलिग्रॅम. एवढ्या फरकाकडे मी सांगलीत ढुंकूनही पाहिलं नसतं. मधल्या ४२ तासांत बिलिरुबिन कमी झालं असं म्हणणंसुद्धा बरोबर नाही. दोन गोष्टी बदलल्या: ते ज्या वेगाने चढत होतं तो वेग मोडला, आणि बाळाचं वय वाढल्यामुळे रेघ वर सरकली. पहिल्या दिवशीच्या बाळासाठी १३ म्हणजे पेशी झपाट्याने फुटताहेत आणि पुढे अजून खूप चढायचं बाकी आहे. तिसऱ्या दिवशीच्या, दूध पिणाऱ्या, यकृत जागं होऊ लागलेल्या बाळासाठी १३ म्हणजे शिखर जवळपास मागे पडलंय. वय काढून टाकलं की हा फरकच दिसेनासा होतो.

याचा आणखी एक पुरावा दुसऱ्या सकाळी मिळाला. दिवे बंद केल्यावर १२ ते १८ तासांत पुन्हा रक्त घेतात, उसळी बघण्यासाठी. कपाळावरचं यंत्र तेव्हाही चालत नाही, कारण उजेडाने कातडी फिकी झालेली असते आणि ते रक्तापेक्षा कमी दाखवतं. डोळ्यांनी पाहूनही तीच फसगत होते. लेक मला अगदी उजळ वाटत होती. गुरुवारी सकाळी ७:४०, वय ८३ तास: २४७. सतरा तासांत २६ने वर. उपचार सुरू केले तेव्हाच्या आकड्यापेक्षाही वर. नवऱ्याचा चेहरा उतरला, पण मी त्याच्यासमोर कागद धरला. ८३ तासांना रेघ ३२२च्या आसपास. आम्ही ७५ खाली. वाढ तासाला दीड. त्या दिवशी आम्हाला घरी सोडलं, पण कूम्ब्स पॉझिटिव्ह असल्यामुळे शुक्रवारी सकाळी पुन्हा टाचेतून रक्त द्यायला यायचं ठरवून. शुक्रवारी ११० तासांना २४३ आलं, तेही एकाही दिव्याशिवाय. रेघ तेव्हा ३५०वर सपाट झालेली. तिथे बिलिरुबिनची तपासणी थांबली.

नंतर सांगलीच्या मैत्रिणींशी बोलताना लक्षात आलं की भारतात बऱ्याच ठिकाणी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचे आलेख वापरतात. त्यांची नवी आवृत्ती २०२२ची. ते मिलिग्रॅममध्ये आहेत, आणि रेघा फक्त आठवड्यांवर नाही तर बाळाला मेंदूच्या धोक्याची कारणं आहेत का यावरही बदलतात. अँटिबॉडीमुळे पेशी फुटणं हे त्यातलंच एक, म्हणजे माझ्या लेकीला तिथे खालची रेघ लागली असती. वेगाचा निकषही वेगळा: पहिल्या २४ तासांत तासाला ०.३ मिलिग्रॅम, नंतर ०.२, म्हणजे इथल्यापेक्षा लवकर सावध करणारा. थांबण्याचा नियमही निराळा, दिवे सुरू करतानाच्या रेघेच्या २ मिलिग्रॅम खाली आल्यावर. त्यामुळे इथले आकडे तिथल्या बाळाला लावू नका. डॉक्टरांना विचारायचं ते एवढंच: आलेख कोणता, आठवडे किती धरले, रक्त घेतलं तेव्हा बाळ किती तासांचं होतं, आणि मागच्या आकड्यापासून वेग किती. या चार उत्तरांत निर्णय कसा झाला ते कळतं. आणि रिपोर्टची नुसती फाइल न ठेवता एका चौकटीच्या कागदावर ठिपके देऊन, खाली दिव्यांची पट्टी काढून ठेवा. बाळ दुसऱ्या रुग्णालयात हलवावं लागलं तर तो एक कागद पुढच्या डॉक्टरला सगळं सांगतो.

घरी जाताना सांगितलेल्या दोन गोष्टी दोन आठवडे सांभाळल्या. पहिली, शीचा रंग. पिवळी-मोहरीसारखी असेल तर ठीक. पांढुरकी किंवा मातीसारखी झाली आणि लघवी गडद होऊन लंगोटावर डाग पडू लागले, तर ती वेगळी कावीळ, यकृत आणि पित्ताच्या मार्गाची, आणि तिला या आलेखात जागाच नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ १४ दिवसांनंतरही उरली तर म्हणूनच डायरेक्ट, म्हणजे यकृताने प्रक्रिया केलेलं बिलिरुबिन वेगळं मोजतात. दुसरी, हिमोग्लोबिन. माझ्या अँटिबॉडी लेकीच्या अंगात काही आठवडे राहणार होत्या आणि पिवळेपणा गेल्यावरही पेशी थोड्याथोड्या फुटत राहणार होत्या. दोन आठवड्यांनी हिमोग्लोबिन १५.८वरून १२.४वर आलं. तेवढं चालतं, असं डॉक्टर म्हणाले. दूध नीट पिते, दमत नाही, वजन वाढतंय, म्हणून फक्त फॉलिक अ‍ॅसिड सुरू केलं आणि सहा आठवड्यांनी पुन्हा एकदा मोजायचं ठरलं.